दुसरी बाटली कोरडीच असू द्या

गेल्या मे महिन्यात नालासोपाऱ्याच्या एका पत्र्याच्या चाळीतील आजी आपल्या चार वर्षांच्या नातवाला घेऊन पुन्हा माझ्याकडे आल्या. कान दुखून आलेला ताप दोन दिवस उतरला होता आणि चौथ्या दिवशी उलटला होता. मी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचे पातळ औषध पाच दिवसांसाठी दिले होते. ५ मिलिलिटर दिवसातून दोनदा, म्हणजे एकूण ५० मिलिलिटर. बाटली ३० मिलिलिटरची, म्हणून दोन बाटल्या. आजींनी सोय म्हणून दोन्हींत पाणी एकदमच घातले आणि त्या पत्र्याखालच्या फळीवर ठेवल्या. घरात फ्रिज नव्हता. ते विचारायचे मीच विसरलो होतो.

दुसरी बाटली पाहिली, तर पांढरट औषध पिवळसर तपकिरी झाले होते. ताप केवळ त्यामुळेच उलटला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते औषध आता विश्वासार्ह नव्हते, एवढे खरे.

कोरडी पूड कोरड्या, थंड जागी तिच्यावरील मुदतीपर्यंत टिकते. पाणी पडताच मात्र तिचे विघटन सुरू होते आणि उष्णतेने ते वाढते. त्यातही क्लॅव्ह्युलनेट फार नाजूक. म्हणून हे औषध कालवल्यावर २ ते ८ अंशांत ठेवावे आणि सात दिवसांनी, उरले तरी, टाकावे. रंग न बदलणे ही शुद्धतेची खूण नव्हे. इतर औषधांचे नियम निराळे असतात. आपल्या बाटलीवरील सूचना वाचावी.

वाचकहो, फ्रिज नसेल तर प्रथम डॉक्टरांना तसे सांगा. पुष्कळदा पाण्यात विरघळणारी गोळी देता येते. ती प्रत्येक वेळी ताजी कालवली की साठवणीचा प्रश्नच उरत नाही. पातळ औषधच घ्यायचे असेल, तर शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. माठाजवळ ठेवण्यावर विसंबू नका. वसईच्या दमट हवेत पाणी कमी वाळते, म्हणून माठ तितका गार होत नाही.

दुसरी बाटली पहिली संपल्यावरच कालवा. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरा. कालवल्याची तारीख बाटलीवर लिहा.

आजींच्या हिशेबात शेवटी १० मिलिलिटर उरणारच होते. ते पुढच्या तापासाठी ठेवू नये, दुसऱ्या नातवाला देऊ नये आणि मोरीतही ओतू नये. सांडपाण्यातील जंतू त्याला सरावतात. औषधाच्या दुकानात परत घेतात का, ते विचारा. घेत नसतील, तर चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीला घट्ट गाठ मारून कचऱ्यात टाका.

त्या नातवाला मी विरघळणारी गोळी दिली. तो बरा झाला. तेव्हापासून चिठ्ठी लिहिण्याआधी माझा प्रश्न ठरलेला असतो: घरी फ्रिज आहे ना?