तांबीची पाळी

घटस्थापना होऊन दिवाळीची साफसफाई सुरू झाली की माझ्या दवाखान्यात तांबी काढून घ्यायला येणाऱ्या बायका वाढतात. पूर्वी मला याचं कोडं वाटायचं. मग एकदा एकीने सरळ सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे पाळीत देवघराला, फराळाला शिवत नाहीत. आधी चार दिवस बाजूला बसायचे, आता बारा दिवस बसते. सासूबाई म्हणतात, डाग दिसतोय तोवर पाळीच."

ती एकतीस वर्षांची, धाकटा मुलगा अडीच वर्षांचा. तांबी मीच श्रावणात बसवली होती. आधीची पाळी चार दिवसांची, दिवसाला तीन पॅड. आता आठ दिवस भरपूर जात होतं. दुसऱ्या दिवशी सहा-सात पॅड, मध्ये जांभळाएवढ्या गाठी, आणि वर चार दिवस नुसते डाग. कळा कमरेतून मांड्यांत उतरायच्या. सगळं तिने कालनिर्णयाच्या पानांवर नोंदवलं होतं. भरपूर गेलं त्या दिवशी मोठी फुली, थोडं गेलं त्या दिवशी छोटी, डागांच्या दिवशी ठिपका. मी कितीही प्रश्न विचारले असते तरी इतकं नेमकं उत्तर मिळालं नसतं.

हे असं का होतं ते तिला सांगितलं तेच इथे सांगते. तांबी म्हणजे टी आकाराचं प्लास्टिक आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. आपल्याकडे सर्रास बसवतात ती ३८० ए, तिच्यावरचं तांबं ३८० चौरस मिलिमीटर भरतं आणि ती दहा वर्षं चालते. हे तांबं गर्भाशयात सौम्य दाह उभा करतं. शुक्रजंतूंना तिथे टिकता येत नाही ते त्यामुळेच, आणि पाळी वाढते तीही त्यामुळेच. दाह म्हणजे इथे जंतूंची बाधा नव्हे. परकी वस्तू दिसल्यावर अस्तर जागं होतं, एवढंच.

जागं झालेलं अस्तर दोन गोष्टी करतं. एक, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं जास्त सोडतं. त्यांनी गर्भाशय जोराने आकुंचन पावतं, म्हणून कळा येतात. दुसरं, तुटलेल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी रक्त गोठून जी बुचं बसतात, ती लवकर विरघळवतं. पाळी थांबते ती याच बुचांच्या आणि आकुंचनाच्या जोरावर. बुचं कच्ची राहिली की रक्त जास्त जातं आणि जास्त दिवस जातं. एरवी एका पाळीत तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. तांबीने ते साधारण दीडपट होऊ शकतं. ऐंशीच्या वर गेलं तर त्याला आम्ही अतिस्राव म्हणतो. म्हणजे जिची पाळी मुळातच भरपूर आहे ती तांबीनंतर सहज त्या रेषेपलीकडे जाते. तांबी बसवण्याआधी मी पाळीबद्दल विचारते ते यासाठीच.

औषधंही या दोन कारणांना धरूनच आहेत. मेफेनामिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन कमी करतं, त्यामुळे कळाही कमी होतात आणि रक्तही थोडं कमी जातं. ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, जेवणानंतर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून. कळा असह्य व्हायची वाट बघून घेतली तर अर्धा उपयोग वाया जातो. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड बुचं विरघळू देत नाही. एक ग्रॅम दिवसातून तीनदा, भरपूर जाईल तेवढेच दिवस, जास्तीत जास्त चार. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल तर ही गोळी द्यायची नाही, आणि पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर पहिलीही विचारून घ्यायची. डोकेदुखीला घरात असलेली ॲस्पिरिन मात्र पाळीत घेऊ नये. तिने रक्त वाढतं.

तिला मी म्हटलं, "दोन पाळ्या या गोळ्या घेऊन बघ. तरी नको वाटली तर त्याच दिवशी काढून देईन, तुला कारण सांगावं लागणार नाही." हे वाक्य मी प्रत्येकीला म्हणते आणि पाळते. काढायला आलेल्या बाईला समजावून परत पाठवण्याची आमच्या पेशातली सवय मला मान्य नाही. रक्त तिचं जातं आणि बाजूला तीच बसते, तेव्हा निर्णयही तिचाच. सासूबाईंनाही आत बोलावलं आणि सांगितलं, की या डागांचा पाळीशी तितकासा संबंध नाही, अस्तर तांबीला सरावेपर्यंत ते पडतात. त्यांना किती पटलं ते मला कळलं नाही. पण त्या ऐकून घेऊन गेल्या.

तिच्या पुढच्या पानांवर जे उमटलं त्याला मी अपेक्षित बदल म्हणते. तिसरी पाळी सात दिवस, चौथी सहा, डाग चारावरून दोनावर. दुखणं पहिल्या दोन दिवसांपुरतं, गोळीने बसणारं. पहिले तीन ते सहा महिने असं चालतं. पाळी पूर्वीइतकी होईलच असं नाही, पुष्कळजणींची थोडी जास्तच राहते. पण महिन्यागणिक उतरती लागायला हवी. किती पॅड लागतात यापेक्षा ही उतरण मी जास्त निरखून बघते.

उतरण दिसत असली तरी एक गोष्ट आतल्या आत घसरत असू शकते. तांबी बसवताना तिचं हिमोग्लोबिन ११.४ होतं, बारापेक्षा थोडं कमीच. चौथ्या पाळीनंतर तपासलं तेव्हा १०.६ भरलं. तिला जिना चढताना धाप लागत होती आणि ती त्याचा दोष थंडीला देत होती. लोहाची गोळी रोज एक, चहाबरोबर नाही, असं सुरू केलं. देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयी आहेत, ५७ टक्के, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं. अशा ठिकाणी तांबी बसवून तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन न बघणं मला अपुरं काम वाटतं.

मग पाचव्या महिन्यात ती अचानक आली. पाळी होऊन दहा दिवस झाले होते आणि ओटीपोटात कळा येत होत्या. संबंधानंतर डाग पडले होते, आणि जरा संकोचून म्हणाली, "ह्यांना काहीतरी टोचतं." कालनिर्णयावर चार महिने उतरत आलेला क्रम मोडला होता. दुखणं पाळी सोडून मधल्या दिवसांत आलं होतं. तांबीचं सरावाचं दुखणं असं वागत नाही.

तांबी बसवल्यावर मी धागे तीन सेंटीमीटर ठेवून कापते आणि तो आकडा कार्डावर लिहिते. तपासलं तर धागे चांगले पाच सेंटीमीटर बाहेर दिसत होते आणि गर्भपिशवीच्या तोंडाशी पांढऱ्या प्लास्टिकचं टोक डोकावत होतं. तांबी निम्मी खाली सरकली होती. वीसेकजणींत एकीची अशी सरकते किंवा पडून जाते, बहुतेकदा पहिल्या वर्षात आणि पाळीच्या रक्ताबरोबर. सरकलेली तांबी आत ढकलत नाहीत, काढूनच टाकतात, कारण तिच्यावर गर्भ न राहण्याचा भरवसा उरत नाही. आधी लघवीची तपासणी करून दिवस राहिले नाहीत याची खात्री केली, तांबी काढली, पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरायला सांगितला. पाळीत येऊन तिने नवी बसवून घेतली. हे तिने स्वतः ठरवलं, मी सुचवलंही नव्हतं.

म्हणून पाळी संपल्यावर महिन्यातून एकदा हात धुऊन, उकिडवं बसून धागा चाचपायला मी शिकवते. मासे धरायच्या गळाच्या दोरीसारखा तो लागतो. धागा लागतच नसेल, लांब झालेला वाटला किंवा टोकाशी टणक काही लागलं, तर दाखवायला यायचं आणि तोवर निरोध वापरायचा. धागा कधी नुसता आत गुंडाळलेला असतो, कधी तांबी पडून गेलेली असते, आणि क्वचित, हजारात एक-दोनदा, ती गर्भाशयाच्या भिंतीत किंवा भिंतीपलीकडे गेलेली असते. सोनोग्राफीत कळतं, नाही कळलं तर एक्स-रेत.

थांबायचंच नाही अशा गोष्टी मोजक्या आहेत, त्या मी कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरात छापून घेतल्या आहेत. लागोपाठ दोन तास, तासाला एक पॅड पूर्ण भिजणं. तांबी बसवल्यापासून पहिल्या तीन आठवड्यांत ताप, ओटीपोटात दुखणं आणि घाण वासाचं पाणी जाणं; हे जंतुसंसर्गाचं लक्षण आहे आणि त्याला प्रतिजैविकं लगेच लागतात. आणि पाळी चुकून एका बाजूला दुखणं, चक्कर येणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं. तांबी असताना गर्भ राहणं फार विरळ. पण राहिलाच तर तो गर्भनलिकेत असण्याची शक्यता एरवीपेक्षा जास्त असते, आणि नलिका फुटली तर तासांचा प्रश्न असतो.

आता दुसरी बाई. तिची तांबी सहा वर्षं शांत होती. बेचाळिसाव्या वर्षी पाळी वाढू लागली. गर्दीच्या दिवशी ती माझ्याकडे आली, "तांबीनेच असेल ना?" म्हणाली, आणि मी न तपासता होकार दिला, गोळ्या लिहून दिल्या. कागदावर माझ्याच अक्षरात आहे: तांबीमुळे. त्यानंतर दीड वर्ष तिने दुखणं काढलं, कारण डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं. परत आली तेव्हा नखं पांढरी, हिमोग्लोबिन ७.२. सोनोग्राफीत तांबी अगदी जागेवर होती. तिच्याशेजारी पोकळीत फुगून आलेली अडीच सेंटीमीटरची फायब्रॉइडची गाठ होती.

तांबीचा स्राव पहिल्या महिन्यापासून असतो आणि ओसरत जातो. वर्षानुवर्षं नीट चाललेली पाळी मध्येच बिघडली, तर तांबीकडे बोट दाखवण्याआधी गाठ, पॉलिप, थायरॉइड, गर्भधारणा आणि चाळिशीनंतर अस्तराचे बदल बघायला हवेत. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी 'तांबी' हा शब्द इतका हाताशी होता की मी पुढे पाहिलंच नाही.

तिला रक्त चढवलं, तांबी काढली, दुर्बिणीतून गाठ काढून घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.१ होतं. तिने जुना कागद पिशवीतून काढला आणि माझ्यापुढे ठेवला. रागावली नाही. मी 'तांबीमुळे' हा शब्द खोडला, खाली गाठीची नोंद केली, तारीख घातली, आणि कागद तिला परत दिला.