गेटवरचा पहिला अर्धा तास

पहिल्या पाळीला सुपरवायझरचा फोन येतो आणि वाक्य बहुतेक ठरलेलंच असतं : “साहेब, हा घेऊन आलाय.” या चार शब्दांत दोन प्रश्नांची गल्लत होते. हा माणूस आत्ता हे काम करण्याच्या स्थितीत आहे का, हा एक. तो दारू पिऊन आलाय का, हा दुसरा. पहिल्याचा निर्णय पाच मिनिटांत घ्यावा लागतो आणि त्याला शंकाही पुरते, कारण निर्णय चुकला तरी एका पाळीचंच काम बुडतं. दुसऱ्या प्रश्नात माणसाची नोकरी अडकलेली असते, तिथे शंकेवर भागत नाही.

म्हणून आधी त्याला मशीनवरून बाजूला घ्या आणि बसवा. “तू प्यायलायस” असं चारचौघांत म्हणू नका. “आज तू फोर्कलिफ्टवर बसू नकोस, चल, आपण डॉक्टरकडे जाऊ,” एवढं पुरतं. निकाल लागेपर्यंत त्या दिवसाची हजेरी कापायची नाही.

*

सुपरवायझरच्या अहवालात हमखास लिहिलेलं असतं : ‘सदर कामगार मद्यधुंद अवस्थेत आढळला.’ हा निष्कर्ष झाला. चौकशीत बचाव प्रतिनिधी विचारतो, “म्हणजे तुम्ही नेमकं काय पाहिलंत?” आणि अहवाल लिहिणारा गप्प होतो, कारण प्रकरण तीन महिन्यांपूर्वीचं असतं आणि आठवत काहीच नसतं.

लिहावं ते असं : ‘७ वाजून ५ मिनिटं. पंचिंग कार्ड दोनदा उलट्या बाजूनं लावलं. फोर्कलिफ्टच्या पायरीवरून पाय घसरला, खांब धरून उभा राहिला. मी हातभर अंतरावर होतो, तोंडाला दारूसारखा वास आला. डोळे लाल. “रात्री झोप नाही झाली” असं म्हणाला.’ यात प्रत्येक गोष्ट पाहिलेली, ऐकलेली किंवा हुंगलेली आहे. दुसऱ्या माणसानं वेगळ्या कागदावर, पहिल्याचा कागद न बघता लिहावं. हा दुसरा माणूस शक्यतो त्याच खात्यातला नसावा. खात्यातली जुनी भांडणं अशा वेळी वर येतात.

आणि एक प्रश्न दोघांनाही विचारावा : हा एरवी कसा चालतो, कसा बोलतो? मुळात अडखळत बोलणारा किंवा पाय ओढत चालणारा माणूस नवख्या सुपरवायझरला रोजच ‘टाईट’ वाटू शकतो.

*

बच्चुभाई हसनअली कार्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९७१. गाडीच्या अपघाताचा फौजदारी खटला. डॉक्टरांनी नोंदवलं होतं की तोंडाला दारूचा वास होता, चाल अस्थिर होती, बोलणं असंबद्ध होतं, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. रक्त किंवा लघवी मात्र तपासलेली नव्हती. एवढ्यावरून आरोपी नशेत होता असं ठामपणे म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

हा निकाल कामगार पक्ष आजही पुढे करतो. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, हे खरं. २०२१ मध्ये एका विम्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयानं वास आणि बाकीची परिस्थिती पुरेशी धरली होती. पण गेटवर ब्रेथ ॲनालायझर असताना नुसत्या वासावर माणूस घरी पाठवला, तर “चाचणी का केली नाही?” याला उत्तर राहत नाही.

*

दारूसारखं दिसणारं पण दारू नसलेलं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पाळीला आलेल्या माणसाची साखर ७० च्या खाली गेली की त्याला घाम फुटतो, जीभ जड होते, तो चिडतो, झोकांड्या खातो. याला वेळेवर साखर मिळाली नाही तर बेशुद्धी येते. म्हणून पहिली चाचणी ग्लुकोमीटरची. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, तर तो पक्षाघात असू शकतो. तिथे ॲनालायझर शोधत बसू नये, ॲम्ब्युलन्स बोलवावी. डोक्याला मार लागला होता का, हेही विचारावं.

पेंट शॉपचं प्रकरण तर आणखी वेगळं. थिनरच्या वाफेत एक्झॉस्ट बंद असताना दोन तास काढले तर माणूस खरोखर झिंगतो. तिथे दोष कंपनीचा असतो, आरोपपत्र मात्र कामगाराला जाऊ शकतं. ब्रेथ ॲनालायझर शून्य दाखवत असेल आणि माणूस डुलत असेल, तर आधी एक्झॉस्ट बघा.

*

ॲनालायझर फुप्फुसातल्या हवेवरून रक्तातलं प्रमाण काढतो. पण तोंडातच अल्कोहोल असेल तर तेही मोजलं जातं. माउथवॉश, काही खोकल्याची औषधं, होमिओपॅथीचे अर्क. जुलै २०२५ मध्ये केरळच्या पंदळम एसटी डेपोत काही चालक चाचणीत सापडले. ते म्हणाले, आम्ही फक्त फणस खाल्लाय. मग दारू न प्यायलेल्या माणसाला पिकलेला फणस खायला देऊन चाचणी घेतली, तेव्हा यंत्रानं खरोखर आकडा दाखवला.

उपाय सोपा आहे. पाण्यानं चूळ भरायला लावा, पंधरा मिनिटं काही खाऊ-पिऊ देऊ नका, तंबाखूही नाही, आणि दुसऱ्यांदा फुंकायला लावा. तोंडातलं अल्कोहोल तोवर उडून गेलेलं असतं, रक्तातलं तिथेच असतं. पहिल्या आकड्यावर कारवाई करणारी कंपनी ही पंधरा मिनिटं वाचवते आणि केस घालवते.

*

नव्या चौकशी अधिकाऱ्यांना शिकवताना मी एक रचलेलं प्रकरण सोडवायला देतो. फोर्कलिफ्टचालक, पाळी सातची. ७.१० ला बाजूला घेतला. दवाखान्यात साखर ११२, रक्तदाब ठीक. ७.२० ला पहिली फुंकर : १०० मिलिलिटर रक्तात ४२ मिलिग्रॅम. चूळ, नर्ससमोर पंधरा मिनिटं बसणं. ७.३८ ला दुसरी फुंकर : ३८. तो म्हणतो, “रात्री साडेअकरापर्यंत बसलो होतो. सकाळी थेंब नाही.” तो खोटं बोलतोय का?

रक्तातलं अल्कोहोल सरासरी तासाला १५ मिलिग्रॅमनं उतरतं. कुणाचं १०, कुणाचं २० किंवा थोडं जास्त. अठरा मिनिटांत चारची घट या हिशेबात बसते, म्हणजे हे तोंडातलं अल्कोहोल नव्हे. आता मागे जा. साडेअकरा ते सात-वीस म्हणजे जवळपास आठ तास, म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम उतरले. तेव्हा रात्री तो १६० च्या आसपास असावा. हे भरपूर पिणं आहे, पण अशक्य नाही. त्याचं म्हणणं खरं असू शकतं.

आता आरोपपत्र बघा. ‘कामाच्या वेळेत कारखान्यात मद्यपान केले’ असा ठपका ठेवला तर तो सिद्ध होणार नाही. ‘ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल शरीरात असताना फोर्कलिफ्ट चालवण्यासाठी हजर झाला’ हा ठपका यंत्राच्या दोन पावत्यांवर उभा राहतो. अट एकच : ही मर्यादा आधी लिहिलेली, मराठीत लावलेली आणि त्याला सांगितलेली हवी. मोटार वाहन कायद्यात ३० आहे, महाराष्ट्र दारूबंदी कायद्यातलं गृहीतक ०.०५ टक्के, म्हणजे ५० वर बेतलंय. यातलं कोणतंही कारखान्याला आपोआप लागू होत नाही. कंपनीनं आपला आकडा स्वतः लिहायचा असतो.

चौकशीत त्याच्या हातात काय पडलं पाहिजे? दोन्ही पावत्या, यंत्राचा क्रमांक आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख, दोन्ही साक्षीदारांचे जबाब, आणि त्या दोघांची उलटतपासणी घेण्याची संधी. सोबत सहकारी किंवा युनियनचा माणूस. निलंबित केलं असेल तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाहभत्ता.

*

रक्त द्यायला नकार दिला तर जबरदस्ती करायची नाही. त्याच्याच शब्दांत नकार लिहून घ्या, साक्षीदाराची सही घ्या. नकार म्हणजे कबुली नव्हे. पण नकाराचा अर्थ काय लावला जाईल हे धोरणात आधीच लिहिलेलं असेल, तर तो मुद्दा चौकशीत ठेवता येतो. आणि रक्त घेताना त्वचा स्पिरिटनं पुसायची नाही. दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांतच ही काळजी सांगितली आहे. दवाखान्यातल्या सवयीच्या हाताला ती मुद्दाम आठवण करून द्यावी लागते.

*

दारूखेरीज दुसऱ्या नशेसाठी लघवीच्या पट्टीवर उगाच भिस्त ठेवू नये. गांजा-भांगेचे अवशेष लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या बाबतीत काही आठवडे राहतात. होळीची भांग पुढच्या आठवड्यात पट्टीवर दिसली, म्हणजे माणूस आज नशेत आहे असं होत नाही. कोडीनचं कफ सिरप अफूवर्गात सापडतं. खसखशीनंही तसं होतं. अमेरिकेनं याच कारणानं १९९८ मध्ये नोकरीच्या चाचण्यांतली अफूवर्गाची मर्यादा ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली. दिवाळीत आपल्याकडे घरोघरी अनारसे असतात. तेव्हा पट्टीवर काही सापडलं की ती फक्त शंका. प्रयोगशाळेची खातरजमा होईपर्यंत आणि चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरनं एकांतात बघेपर्यंत खात्यात एक अक्षर जाऊ नये.

*

सगळ्यात धोक्याचा माणूस ॲनालायझरवर शून्य येतो. रोज पिणारा, कालपासून बंद केलेला, हात थरथरणारा, घामाघूम. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, नंतर भ्रम होऊ शकतो. पॉवर प्रेससमोर झटका म्हणजे हात गेला. हा माणूस नियमात बसतो आणि कामात बसत नाही. त्याला आरोपपत्राऐवजी त्याच दिवशी डॉक्टर हवा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनाशी निगडित विकार मानसिक आजारांतच धरले आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. स्वतःहून “मला सोडायची आहे” म्हणत येणाऱ्याला आणि पकडला गेल्यावर म्हणणाऱ्याला धोरणात वेगळी वाट असावी, नाहीतर पहिला कधी येणारच नाही.

*

एक बारीक गोष्ट राहते. ‘पिऊन आला’ म्हणून ज्याला आपण फोर्कलिफ्टवरून उतरवलं, त्यालाच गेटवर त्याच्या मोटरसायकलची चावी परत देतात. चावी ठेवून घ्या, घरच्यांना बोलवा किंवा गाडीनं सोडा, आणि कुणी सोडलं ते लिहा.

*

हेच नियम दुपारी डिलरबरोबर जेवून येणाऱ्या मॅनेजरला लागू आहेत का, हे कामगार बघत असतो. नसतील तर ते धोरण नोटीस बोर्डावरून काढून टाकावं. चौकशीत ते टिकणार नाही आणि शॉप फ्लोअरवर तर त्याआधीच मेलेलं असतं.