झिणझिण आली, निभावलं… ते पण वहीत लिहा



गेल्या आषाढात सकाळी विहिरीवर गेलो. लोखंडी पाइपला हात लागला आन् कोपरापर्यंत झिणझिण आली. पायात रबरी चप्पल होती म्हणून निभावलं. दुपारी वायरमन आला, मोटर बंद होती तेव्हाच त्यानं टेस्टर लावला. "काका, काही नाही," म्हणाला. मी पण विसरलो.

पंधरा दिवसांनी पुतण्या अनवाणी गेला आन् त्याच पाइपला हात लावला. मागं फेकला गेला. चिखलात पडला म्हणून वाचला. दोन हात पुढं विहीर होती.

वायरमन परत आला. पहिला प्रश्न: "तुम्हाला झटका बसला तेव्हा मोटर चालू होती का बंद?" मला आठवेना. त्यानं समजावलं. स्टार्टर बंद असतानाही डब्याला करंट येत असेल, तर दोष बहुतेक डब्यापर्यंतच्या वायरीत किंवा डब्यात. मोटर चालू केल्यावरच पाइपला येत असेल, तर स्टार्टरच्या पुढं, म्हणजे केबलीत, जोडात नाहीतर मोटरीत. म्हणजे त्या एका गोष्टीवर अर्धं काम वाचलं असतं. आम्ही आख्खा दिवस घालवला. शेवटी मोटर वर काढली तेव्हा क्लॅम्पपाशी केबल घासून उघडी पडलेली सापडली. अर्थिंगची तार पण गंजून तुटलेली होती. दोन दोष एकदम होते, म्हणून पाइपात करंट राहिला.

तेव्हापासून स्टार्टरजवळ वही टांगली आहे. या वर्षी त्यात एक नोंद झाली, ती अशी:

"सकाळी सव्वासहा. रात्री पाऊस. चप्पल ओली. मोटर चालू. डब्याच्या दाराला बोट लागलं, बारीक झिणझिण. मेन स्विच बंद केला. डब्याला पुन्हा हात लावला नाही. काल धाकट्यालाही वाटलं होतं, तो बोलला नाही."

वायरमननं वाचलं आन् मेन बंद ठेवूनच सरळ डबा उघडला. पावसाचं पाणी आत ठिबकत होतं. पाऊण तासात काम झालं.

लिहिताना दोन गोष्टी पाळतो. पाहिलं ते वेगळं आन् अंदाज वेगळा. "बहुतेक मोटर जळाली असंल" असं पहिल्या ओळीत लिहिलं, की वाचणारा तिथंच शोधत बसतो. दुसरं, चूक कुणाची ते लिहीत नाही. तसं लिहिलं तर पोरं पुढच्या वेळी सांगणार नाहीत. धाकटा आदल्या दिवशी बोलला नव्हता, तो या भीतीनंच.

आन् नोंद पक्की व्हावी म्हणून पुन्हा हात लावून बघायचा नाही. टेस्टर पेटला नाही म्हणून करंट नाही, असंही समजायचं नाही. आधी मेन बंद, मग वही.