तात्यांच्या बटणाच्या फोनवर औषधाचं प्रमाण

आजची नोंद मक्याची आहे, पण चूक मक्याची नाही, माझ्या मेसेजची आहे.

लष्करी अळीवर काय मारायचं ते ग्रुपवर लिहिलं होतं. वर कणसाचं चित्र, मथळ्याला ठळक करायच्या चांदण्या, खाली मुद्दे. चुलत्यांकडं, म्हणजे तात्यांकडं बटणाचा फोन. तोच मजकूर त्यांना साध्या एसएमएसनं पाठवला. चौथ्या दिवशी त्यांच्या रानात गेलो तर पोंग्यात ताजी विष्ठा, अळ्या जिवंत.

"तात्या, पंपाला किती घातलं?"

"तूच लिवलंस की, चार ग्रॅम."

फोन बघितला. चित्राच्या जागी चौकोन. चांदण्या तशाच चांदण्या. मेसेजचे तुकडे झालेले, पहिला "४ ग्रॅम प्रति" वर संपलेला. "१० लिटर" पुढच्या तुकड्यात, आणि तो संध्याकाळी आला. तात्यांचा पंप १५ लिटरचा, म्हणजे ६ ग्रॅम पाहिजे होते. एक तृतीयांश औषध कमी पडलं. आणि त्यांनी "प्रति लिटर" धरलं असतं तर पंपाला ६० ग्रॅम गेले असते!

इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मराठीचं एक अक्षर किंवा एक चित्र आलं की सगळ्या मेसेजची मर्यादा ७० वर येते. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं. "ग्रॅम" दिसायला दोन अक्षरं, पण मोजायला पाच. लांब मेसेजच्या प्रत्येक तुकड्यात ६७च बसतात, कारण तुकडे जोडायच्या खुणेलाही जागा लागते. इंग्रजी अक्षरांत लिहिलं असतं तर मावलं असतं, पण तात्यांना ती वाचता येत नाहीत.

मग बांधावर बसून हे लिहिलं:

```
मका अळी: इमामेक्टिन ५% ६ ग्रॅम, १५ लि. पंपाला. पोंग्यात फवारा.
```

मोकळ्या जागा धरून ६२. हिशोब मीच केलाय, तात्यांच्या पंपाचा. दुसऱ्याचा पंप १६ लिटरचा असेल तर त्याला वेगळा मेसेज. का, कशानं, किती दिवसांनी, हे फोनवर बोलतो.

बँकेत पैसे आले का बघायला तात्या *99# लावतात. तिथं आकडा दाबून पुढं जायचं, आणि उत्तर पडद्यावर असेपर्यंतच. चष्मा आणायला उठले की पडदा बंद, पुन्हा पहिल्यापासून. मागं जाऊन वाचायला ते कुठं साठत नाही. तिथं रक्कम पहिल्या ओळीत हवी, बाकी मागनं. औषधाचं प्रमाण मात्र एसएमएसमध्येच बरं, पंप भरताना खिशातून काढून परत वाचता येतं.

काल तात्यांनी पुन्हा फवारलं. जाताना विचारत होते, "त्या चांदण्या कशाला होत्या रं? मी बटण दाबून बघितलं, कायबी झालं न्हाई."