मेंढरा-मेंढरांतला न्याय

लोणी काळभोर, सोमवार, 6 मे 2024

रविवारी उपदेश पाण्यावर करायचा आहे. नेहमीचा शास्त्रपाठ उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातला: देवाने माणसाला बागेत ठेवले, ती कसायला आणि राखायला. त्यावर बोलणं सोपं, कारण कुणालाच टोचत नाही. झाडं लावा, नळ बंद करा, आमेन.

अनुवादाचा अकरावा अध्याय इथे जास्त लागू पडतो. मिसरात भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी द्यायचे. पुढे मिळणारा डोंगर-दऱ्यांचा देश मात्र आभाळातल्या पावसावर जगणारा. आमच्याकडे हे दोन्ही देश शेजारी आहेत. खडकवासल्याचा कालवा आहे तोवर लोणी म्हणजे मिसर. तिकडे डोंगरापलीकडच्या पुरंदरात बरीचशी मदार पावसावर. गेल्या ऑक्टोबरात सरकारने दुष्काळ जाहीर केलेल्या चाळीस तालुक्यांत पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर आणि शिरूर होते, आमचा हवेली नव्हता.

पण याच अध्यायात पुढे आहे की लोक भरकटले तर देव आकाश बंद करील. टँकरची वाट बघत बसलेल्या घरातल्या माणसाला हे वाचून दाखवलं, तर त्याला ऐकू येईल की दुष्काळ त्याच्याच पापाचा. हा पाठ बाजूला ठेवला.

बुधवार, 8 मे

संध्याकाळी जुन्या कालव्याच्या कडेने गेलो. लोक त्याला बेबी कालवा म्हणतात. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून यात सोडतात, शेतीसाठी. धरणातलं स्वच्छ पाणी पुणे पितं, त्या बदल्यात खालच्या शेताला हे. प्रक्रिया जेवढी कमी, तेवढा फेस जास्त.

ऊस असलेल्या एका मामांना विचारलं, हे पाणी का घेता? म्हणाले, "पाळकसाहेब, घाण आहे, पण बारा महिने आहे. न घेऊन जाऊ कुठं?"

ऊस हिरवागार दिसतो, कारण मैल्यातला नत्र त्याला मिळतो. पण वाफ्याच्या कडेला मातीवर पांढरा थर धरलाय, म्हणजे क्षार साचताहेत. मामा म्हणाले, कालव्यालगतच्या विहिरीचं पाणी आता प्यायला कुणी नेत नाही. कालवा झिरपतो म्हणूनच ती विहीर भरते, आणि जे झिरपतं तेच तिच्यात येतं.

शुक्रवार, 10 मे

पाठ सापडला. यहेज्केल, चौतिसावा अध्याय. बाबेलमधल्या बंदिवानांना तो सांगतो. सुरुवातीला मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, झोडपतो: कळप राखायचा सोडून स्वतःच चरलात. बहुतेक उपदेशक इथेच थांबतात. निवडणुकीच्या दिवसांत तर मंडळीही एवढ्यावर खूश होईल.

पण सतराव्या वचनापासून देव मेंढपाळांना सोडून कळपाकडे वळतो. मेंढरा-मेंढरांत न्याय करीन, म्हणतो. धष्टपुष्ट मेंढरं स्वच्छ पाणी पितात आणि उरलेलं पायांनी गढूळ करतात. मग बाकीच्यांना तेच तुडवलेलं खावं लागतं, तेच गढूळ प्यावं लागतं. मामांचं ‘न घेऊन जाऊ कुठं’ इथे तंतोतंत बसतं. पापाचा ठपका ज्याला गढूळ मिळालं त्याच्यावर नाही, ज्याने आधी पिऊन वर पाय घातले त्याच्यावर आहे.

रविवार, 12 मे

प्रचाराचे भोंगे काल थांबले, उद्या मतदान. उपदेशात शहराचं नाव आलं तेव्हा माना डोलल्या. मग मी विचारलं, खडकवासल्याचा कालवा लोणीत संपतो का? तो पुढे दौंडला जातो, इंदापूरला जातो. आवर्तन सुटलं की वरच्यांनी मोटारी लावायच्या आणि शेवटच्याने कोरडी चारी बघायची. इंदापूरच्या शेवटच्या शेतावरून पाहिलं तर धष्टपुष्ट मेंढरांत आपणही येतो. आता माना डोलल्या नाहीत.

आराधनेनंतर मंडळीचे एक वडील म्हणाले, "साहेब, पहिल्या भागावर थांबला असता तर बरं झालं असतं." शहरात घरकामाला जाणाऱ्या एका ताईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्या ज्या इमारतीत जातात, तिथे रोज पाइपने गाड्या धुतात. त्यांच्या वस्तीत मात्र पाणी विकत घ्यावं लागतं. "वरची मेंढरं आणि खालची मेंढरं शहरातबी हायेत," म्हणाल्या. हे माझ्या टिपणात नव्हतं. पुण्याला मी एकच मेंढरू धरून बोललो होतो.

चहा पिताना दोन गोष्टी ठरल्या. जुन्या कालव्यालगतच्या तीन विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत तपासायला द्यायचं, क्षार आणि नायट्रेटसाठी, आणि निकाल मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांनाही दाखवायचा. दुसरी गोष्ट अवघड आहे: पुढच्या आवर्तनात आमच्यापैकी ज्यांच्या मोटारी कालव्यावर आहेत, त्यांनी पाळीबाहेर त्या चालवायच्या नाहीत. याला दोघांनी हात वर केले. बाकीचे विचार करून सांगतो म्हणाले.