पोळ्यापासूनचा ताप

आज स्क्रब टायफसचा केस रिपोर्ट इंग्रजीत नेतेय. पूर्वेतिहासात शेतकरी बाई सांगतात, ताप पोळ्याला चढला. तारीख द्यायची नाही, रुग्ण ओळखू येतो. म्हणून तापाचा पहिला दिवस धरून कालक्रम मांडला: सहाव्या दिवशी भरती, सातव्या दिवशी काखेतली काळी खपली दिसली आणि डॉक्सिसायक्लिन सुरू, नवव्या दिवशी ताप उतरला.

चर्चेत मात्र ‘औषध दुसऱ्या दिवशी’! तिथं मोजणी भरतीपासूनची. तसंच नेलं तर वाचणाऱ्याला उपचार लगेच झाले असं वाटेल, आणि चर्चेचा सगळा भर तर उशिरावर आहे. काख आधी कुणी पाहिलीच नव्हती. आकडा मी परस्पर बदलत नाही. समासात प्रश्न लिहून डॉक्टरांकडे पाठवलाय.