मार्च एंडिंगच्या मांडीला मांडी लावून

बँकेच्या स्टाफ ट्रेनिंग कॉलेजात मी बरीच वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतरही शाखांमधली मुलं-मुली जेएआयआयबीची पुस्तकं पिशवीत घालून घरी येतात. मेच्या परीक्षेला बसणारे सगळे एकाच अडचणीत असतात. हातात फेब्रुवारी, मार्च, एप्रिल हे तीन महिने आणि त्यांच्या ऐन मध्यावर मार्च एंडिंग. कॅलेंडरवर तेरा आठवडे दिसतात, पण त्यातले तीन शाखेचेच असतात. कुणी वेळापत्रक दाखवायला आणलं की मी आधी १५ मार्च ते ५ एप्रिल हा पट्टा पेन्सिलीने खोडतो आणि उरलेल्या दिवसांत काय बसतं ते विचारतो.

वेळ किती उरतो ते पाहा. सोमवारी शाखेत गर्दी असते, त्या संध्याकाळचा भरवसा नाही. बाकी चार संध्याकाळी सव्वा तास धरला तर आठवड्याला पाच तास. रविवारी सकाळचे चार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, तिथे आणखी चार-चार. खोडलेला पट्टा, घरचं एखादं लग्न आणि एखादा ताप वजा केला की हातात शंभराच्या आसपास तास राहतात. पेपर चार: भारतीय अर्थव्यवस्था आणि वित्तव्यवस्था, बँकिंगची तत्त्वं आणि व्यवहार म्हणजे पीपीबी, अकाउंटिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंट म्हणजे एएफएम, आणि रिटेल बँकिंग व वेल्थ मॅनेजमेंट. शंभर तासांत चार जाडजूड पुस्तकं दोनदा वाचून होत नाहीत, त्यामुळे तो बेत आधीच सोडून द्यावा.

सुरुवात पुस्तकाने नको, चाचणीने करावी. गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेतली सिंगल विंडोवर बसणारी मुलगी आली होती. अधूनमधून वाचन झालेलं होतं, पण आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आणि पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मिळून तिला चार मॉक टेस्ट घड्याळ लावून सोडवायला लावल्या. अर्थव्यवस्थेत ४८, पीपीबीत ५१, एएफएममध्ये ३०, रिटेलमध्ये ५२ आले. एकूण १८१.

इथे इन्स्टिट्यूटचा नियम नीट समजून घ्यावा लागतो. प्रत्येक पेपरला १०० पैकी ५० मिळाले की पास, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकाच प्रयत्नात चारही पेपर दिले, प्रत्येकात किमान ४५ मिळाले आणि सरासरी ५० टक्के, म्हणजे एकूण २०० झाले, तरीही परीक्षा उत्तीर्ण धरतात. म्हणून तिला कमी पडत होते १९ गुण, आणि त्यातले १५ एएफएममध्येच मिळवणं भाग होतं. नुसते ४५ धरून चालणं म्हणजे काठावरून चालणं, म्हणून तिथे उद्दिष्ट ५० चं ठेवलं. रिटेल आवडतं म्हणून त्याच पुस्तकात रमायची तिची सवय होती. आम्ही रविवारचा अर्ध्याहून जास्त वेळ एएफएमला दिला आणि रिटेल संध्याकाळच्या उजळणीवर सोडलं.

संध्याकाळी काय करायचं आणि रविवारी काय, ही वाटणी वेळेइतकीच महत्त्वाची. दिवसभर कॅश मोजून, टॅली करून आलेल्या डोक्याने गणितं सोडवली की रीत बरोबर असते आणि आकडे चुकतात. मग माणूस उगाच समजतो की आपल्याला विषयच येत नाही. गणित रविवारी सकाळी करावं. संध्याकाळी पुस्तक मिटून आठवणं एवढंच. कोरा कागद घ्यायचा, वर विषय लिहायचा, समजा ‘एनपीएच्या आधीची खाती’, आणि आठवेल ते उतरवायचं. एसएमए-०: थकबाकी ३० दिवसांपर्यंत. एसएमए-१: ३० पेक्षा जास्त, ६० पर्यंत. एसएमए-२: ६० पेक्षा जास्त, ९० पर्यंत. मग पुस्तक उघडून ताडून पाहायचं. ६० व्या दिवशी खातं कुठे बसतं, हे तिने तीनदा वाचलं होतं आणि कागदावर तरीही चुकवलं. तोच विषय दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग चार-पाच दिवसांनी, मग तीन आठवड्यांनी.

वाचताना सगळं येतंय असं वाटतं, ती फसगत असते. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगाने दाखवलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. परीक्षा वाचल्यानंतर पाच मिनिटांनी नसते.

आता एएफएमकडे. केंद्रावर साधा कॅल्क्युलेटर चालतो, सायंटिफिक नाही. घात दाबायचं बटण नाही म्हणून अनेकजण बाँडची गणितं सोडूनच देतात. वास्तविक बेरीज-वजाबाकीचा कॅल्क्युलेटर पुरतो. दर्शनी किंमत १०० रुपये, वार्षिक व्याज ८ टक्के, मुदत तीन वर्षं, बाजारातला परतावा १० टक्के. तर आजची किंमत काय? बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१ करून बरोबरचं चिन्ह एकदा दाबलं की ०.९०९१, दुसऱ्यांदा ०.८२६४, तिसऱ्यांदा ०.७५१३ येतं. तिन्ही आकडे कच्च्या कागदावर लिहून बेरीज केली की २.४८६८. व्याजाचे ८ रुपये त्याने गुणले की १९.८९, आणि तीन वर्षांनी मिळणाऱ्या १०० ची आजची किंमत ७५.१३. किंमत झाली ९५.०२, पर्यायांत ९५.०३ दिसलं तरी तेच. गणित करण्याआधीच एक ओळख ठेवावी: बाजाराचा परतावा कूपनपेक्षा जास्त, म्हणजे किंमत १०० च्या खालीच असणार. तेवढ्यावर दोन पर्याय बाद होतात. हे काउंटरवरच्या आपल्याच कॅल्क्युलेटरवर करून बघावं, कारण कंपनीनुसार बटणांची वागणूक बदलते आणि ती परीक्षेच्या दिवशी कळून उपयोग नाही.

पीपीबीची अडचण निराळी आहे. हा पेपर अनुभवी माणसाला सोपा जायला हवा, पण पाच-सात वर्षं काउंटरवर काढलेली माणसं इथे हमखास गुण घालवतात. कारण ती शाखेच्या रिवाजातून उत्तर देतात. खातेदार वारला, नॉमिनीने कागद दिले, पैसे वळते झाले, फाइल बंद. म्हणून ‘रक्कम कोणाची?’ या प्रश्नाला ‘नॉमिनीची’ असं उत्तर लिहिलं जातं. कायद्याने नॉमिनी ती रक्कम वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून स्वीकारतो आणि त्याला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते. ती मुलगी हुज्जत घालत होती, “सर, शाखेत तर आम्ही असंच करतो!” शाखेत ते बरोबरच आहे, पण प्रश्न मालकीचा आहे.

यासाठी चुकांची वही ठेवायला सांगतो. चुकलेला प्रश्न उतरवायचा नाही. फक्त चूक कशाची झाली ते एका ओळीत लिहायचं आणि पुढे खूण करायची. माहीतच नव्हतं, त्याला ‘न’. दोन गोष्टींची गल्लत झाली, त्याला ‘ग’. प्रश्न घाईत वाचला, ‘नाही’ हा शब्द दिसलाच नाही, त्याला ‘घ’. शाखेच्या सवयीने उत्तर दिलं, त्याला ‘श’. महिनाभराने वही चाळली की उपाय आपोआप ठरतो. ‘न’ जास्त असतील तरच पुस्तकाकडे परत जायचं. तिच्या वहीत पीपीबीखाली ‘श’ आणि ‘ग’ यांचीच रांग होती. तिला ते पुस्तक पुन्हा वाचून काडीचा फायदा झाला नसता. एसएमए-१ आणि एसएमए-२, आरटीजीएस आणि एनईएफटी, ग्रहणाधिकार आणि सेट-ऑफ अशा जोड्या समोरासमोर लिहून ठेवणं हेच तिचं खरं काम होतं.

एक गोष्ट तयारीच्या सुरुवातीलाच भिंतीवर चिकटवावी: कट-ऑफ तारीख. फेब्रुवारी ते जुलैमधल्या परीक्षांना ३१ डिसेंबरपर्यंतच्याच सूचना आणि घडामोडी धरतात, ऑगस्ट ते जानेवारीतल्या परीक्षांना ३० जूनपर्यंतच्या. नॉमिनीचंच घ्या. ठेव खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावण्याची तरतूद १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. २०२५ च्या अखेरच्या परीक्षेत बसणाऱ्याला ती शाखेत वापरावी लागत होती, पण पेपरपुरता अंमल जुन्या नियमाचा. २०२६ च्या मेमध्ये बसणाऱ्याला मात्र नवीन हवी: ठेवींसाठी एकाच वेळी हिश्शाने किंवा एकामागून एक, लॉकरसाठी फक्त एकामागून एक. मेवाल्यांची पंचाईत अशी की ऐन तयारीत फेब्रुवारीचा अर्थसंकल्प आणि रिझर्व्ह बँकेचं पतधोरण येतं, व्हॉट्सअपवर नव्या आकड्यांचे तक्ते फिरू लागतात. ते कामासाठी वाचा, परीक्षेच्या कागदावर चढवू नका. बाजारातल्या जुन्या प्रश्नसंचांतही छापल्या दिवसाचे दर असतात, म्हणून दर आणि मर्यादा तेवढ्या ताडून घ्याव्यात.

तर तीन महिन्यांची विभागणी अशी बसते. १५ मार्चपर्यंत चारही विषयांची पहिली फेरी, चाचणीत जिथे गुण गेले तिथूनच. खोडलेल्या तीन आठवड्यांत नवीन काहीही नाही. बसमध्ये वीस मिनिटं चुकांची वही, एवढंच. हे सोडलं तर एप्रिलमध्ये निम्मं परत शिकावं लागतं आणि तेवढा वेळ नसतो. ५ एप्रिलनंतर दर रविवारी दोन तासांची एक पूर्ण चाचणी, पुढचे दोन तास तिची चिरफाड. शेवटच्या आठवड्यात चाचणी नको, कारण तेव्हा कमी गुण आले तर दुरुस्त करायला जागाच उरत नाही.

पेपरात १२० मिनिटांत सुमारे १०० प्रश्न असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत. एएफएममध्ये त्या मुलीने आधी सगळे तोंडी प्रश्न एका दमात संपवले, गणितांवर खूण करून ती मागे ठेवली, लांबलचक माहितीचे प्रश्न सर्वांत शेवटी घेतले. वेळ संपायला पाच मिनिटं असताना जे राहिलं होतं त्यावर एकेक पर्याय निवडला. एकही जागा रिकामी सोडली नाही. एएफएमला ४९ आले, एकूण २११.